दोन वर्षं लोनवर पाठवला आणि पोरगा पाच ताऱ्यांवरून साडेतीनवर आला. चुकलं कुठे?

सेव_आणि_सेव्ह (इंदूर, सुदामानगर)

मंडळी, फुटबॉल मॅनेजर २०२४ या गेममध्ये प्रेस्टनचा सेव्ह सुरू आहे, सहावा सीझन संपला. डोकं फिरलंय म्हणून रात्री पावणेबाराला धागा काढतोय.

मार्च २०२६ च्या यूथ इनटेकमध्ये एक सेंट्रल मिडफिल्डर आला. नाव असं काही विचित्र की मी त्याला बंड्याच म्हणतो. आला तेव्हा १६ वर्षांचा, पोटेन्शियल पूर्ण पाच तारे. बाकी सगळा इनटेक भंगार, हा एकटा सोनं. मी तर त्याच्या नावाने दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोहे-जिलबी वाटली. कारण कोणाला सांगितलं नाही, ते वेगळं.

पहिलं वर्ष घरीच ठेवला, अंडर-१८ आणि अंडर-२१ मध्ये खेळला. मग २०२७-२८ मध्ये लीग वनच्या एका तगड्या क्लबला लोनवर दिला. तिथलं ट्रेनिंग ग्राउंड लीगच्या मानाने फार चांगलं होतं म्हणून. २०२८-२९ मध्ये मात्र लीग टूचा एक साधासा क्लब मिळाला, नाइलाजाने दिला. आता जून २०२९, परत आलाय, वय १९, आणि पोटेन्शियल साडेतीन तारे!

मला वाटतं लीग टूला पाठवून मी त्याचं वाटोळं केलं. खालच्या दर्जाच्या लोकांत राहून खेळ बिघडला. आता विकून टाकू का? ऐंशी लाख पाउंडांची ऑफर आली आहे.

पीए_दोनशे

भिया, पोटेन्शियल पडलं म्हणजे पडलं, आता वर येत नाही. दीड तारा गेला म्हणजे पीए, म्हणजे पोटेन्शियलचा छुपा आकडा, कमी झाला. इन-गेम एडिटर घे, आकडा बघ, दोन मिनिटांत सोक्षमोक्ष. मी तर इनटेकच्या दिवशीच बघतो. १५० च्या खाली असेल तर सोडून देतो, उगीच जीव लावायचा नाही.

टिळकनगरचे_काका

भाच्याने हे पान दाखवलं. लोनबद्दल चर्चा दिसली म्हणून लिहितो. मी बँकेत चौतीस वर्षं काढली. मीही हा खेळ लॉकडाउनपासून खेळतो, आणि माझ्या क्लबच्या बोर्डाने न विचारता लोन काढलं होतं. दर महिन्याला हप्ता जातो, ताळेबंदात दिसतो, आणि शेवटी ट्रान्स्फर बजेट मिळतच नाही. तेव्हा दोन दोन वर्षं लोन चालू ठेवू नका. मुद्दल आधी फेडा.

सेव_आणि_सेव्ह

काका 😀 हे ते लोन नाही. मी खेळाडू उसना दिलाय, पैसे घेतलेले नाहीत.

टिळकनगरचे_काका

असं होय. मग उसना दिलेला माल परत घेताना मोजून घ्यावा, एवढं तर लागू आहेच.

जुना_मिडफिल्ड (इंदूर)

काका गमतीत बोलले, पण मुद्द्यावर बोट ठेवलंत. मोजलाच नाहीये त्याने.

@सेव_आणि_सेव्ह, आधी एक सांग. या तीन वर्षांत तुझा क्लब कोणत्या डिव्हिजनमध्ये होता? आणि बंड्याचे प्रत्यक्ष ॲट्रिब्यूट दे: इनटेकला किती, पहिल्या लोनआधी किती, पहिल्या लोननंतर किती, आता किती. पासिंग, टेक्निक, डिसिजन्स, स्टॅमिना एवढे चार पुरे. दोन्ही लोनमध्ये किती मॅचला सुरुवातीपासून खेळला तेही.

सेव_आणि_सेव्ह

दादा, जुने स्क्रीनशॉट शोधायला अर्धा तास गेला. हे घ्या.

मार्च २०२६: पासिंग ९, टेक्निक ११, डिसिजन्स ६, स्टॅमिना ९.
जुलै २०२७: १२, १२, ८, ११.
जून २०२८, म्हणजे लीग वन करून आला तेव्हा: १२, १२, ८, ११.
आता: १३, १३, १०, १३.

लीग वनमध्ये ११ मॅच, त्यातल्या ७ बदली म्हणून, एकूण साधारण ३४० मिनिटं. त्यातही दोनदा उजव्या विंगला खेळवला. लीग टूमध्ये ३८ मॅचला सुरुवातीपासून, सगळ्या मिडफिल्डमध्ये, सरासरी रेटिंग ६.८.

आणि हो, मे २०२८ मध्ये आम्ही प्रीमियर लीगमध्ये चढलो. यंदा सतराव्या नंबरवर कसेबसे तगलो.

अरे. थांबा. ॲट्रिब्यूट तर वाढलेत की.

जुना_मिडफिल्ड

आता दिसलं ना?

तारे म्हणजे पीएचा आकडा नव्हे. तुझ्या स्टाफचा तो अंदाज असतो, आणि तोही तुझ्या सध्याच्या संघाशी तुलना करून केलेला. चॅम्पियनशिपमध्ये असताना तुझे मिडफिल्डर ज्या पातळीचे होते, त्यांच्यापुढे बंड्या पाच ताऱ्यांचा वाटत होता. प्रीमियर लीगमध्ये गेल्यावर तू नवे चार जण आणले असशील, ते त्याच्यापेक्षा वरचे. फूटपट्टी बदलली, पोरगा तोच आहे. आमच्या शाळेत पहिला येणारा मुलगा इंजिनियरिंगला गेल्यावर तिसाव्या नंबरवर यायचा, तेव्हा काय त्याची बुद्धी कमी व्हायची?

@पीए_दोनशे, तुझं अर्धं बरोबर आहे. नव्या जन्मलेल्या खेळाडूचा पीए त्याच दिवशी ठरतो आणि त्या सेव्हमध्ये बदलत नाही. पण म्हणूनच तो 'पडला' असं होऊच शकत नाही. जे पडलं ते मत. स्टाफपैकी जो माणूस रिपोर्ट देतो, त्याचं पोटेन्शियल ओळखण्याचं ॲट्रिब्यूट ९ असेल तर अंदाजही तेवढाच भरवशाचा. शिवाय पीए हे छत आहे. १६० चं छत असलेली निम्मीअधिक पोरं तिथवर पोचत नाहीत, आणि १३५ वाला पूर्ण भरला तर त्यांच्या पुढे जातो. एडिटरने छत कळतं, पोरगा किती चढेल ते कळत नाही.

आता तुझी मोठी चूक. तू ज्या लोनला दोष देतोयस तेच चांगलं होतं. वाईट होतं ते पहिलं.

पीए_दोनशे

निम्मीअधिक पोचत नाहीत हा आकडा कुठून आणला? पण ठीक आहे, ताऱ्यांचं मान्य. मी एकदा खालच्या डिव्हिजनमध्ये पडलो होतो, तेव्हा सगळी पोरं एका रात्रीत हिरो झाली होती, आत्ता आठवलं.

जुना_मिडफिल्ड

माझ्या सेव्हमधला अनुभव, मोजलेला आकडा नाही. मागे घेतो. मुद्दा राहतो.

सेव_आणि_सेव्ह

पण दादा, लीग वनच्या क्लबची सोय इतकी चांगली होती! फॅसिलिटीज बघूनच दिला होता. लीग टूवाल्यांचं ग्राउंड म्हणजे आपल्याकडचं पावसाळ्यातलं मैदान.

जुना_मिडफिल्ड

फॅसिलिटीजना महत्त्व आहे, नाही असं नाही. पण वयाप्रमाणे वजन बदलतं. सोळा-सतराव्या वर्षी पोरगा प्रामुख्याने ट्रेनिंगवर वाढतो: कोच, ग्राउंड, यूथ फॅसिलिटीज. तुझाच पुरावा बघ. घरी एक वर्ष राहिला, पासिंग ९ वरून १२, कुठेही न पाठवता. अठराच्या पुढे मात्र खऱ्या मॅचची मिनिटं लागतात. तीही त्याच्या पातळीला जुळणारी.

तू काय केलंस? सतरा वर्षं आठ महिन्यांचा पोरगा घरच्या चांगल्या ट्रेनिंगमधून उचललास आणि अशा ठिकाणी टाकलास जिथे त्याच्यापेक्षा वरचे तीन मिडफिल्डर होते. म्हणजे घरचं ट्रेनिंगही गेलं आणि मॅचही मिळाल्या नाहीत. ३४० मिनिटं म्हणजे पावणेचार मॅच. लीग वनचा सीझन ४६ मॅचचा असतो. आकडे १२, १२, ८, ११ जिथल्या तिथे राहिले यात नवल काय?

पुढच्या वर्षी तुझ्या 'पावसाळी मैदानावर' ३८ मॅच सलग, स्वतःच्या जागेवर. डिसिजन्स दोनने वर, स्टॅमिना दोनने वर. डिसिजन्ससारखी गोष्ट बेंचवर बसून येत नाही.

प्रत्यक्षातलंही उदाहरण आहे. हॅरी केनला टॉटनहॅमने आधी लेटन ओरिएंटला दिला, २०११ साली, तेव्हा तो क्लब लीग वनमध्ये होता. मग मिलवॉलला, तिथे खेळला, गोल केले. पुढे नॉर्विच आणि लेस्टरला गेला तेव्हा खूपसा वेळ दुखापत आणि बेंच. मोठं नाव म्हणजे चांगलं लोन असं तिथेही नव्हतं.

बडोद्याची_मीनल (वडोदरा)

दादांचं पटतंय, पण एक गोष्ट कोणीच विचारली नाही. बंड्याची पर्सनॅलिटी काय आहे? डिटरमिनेशन किती?

माझा एक गोलकीपर होता. तीन वर्षं तीन लोन, दरवर्षी चाळीसच्या वर मॅच, आणि वाढ म्हणाल तर मुंगीच्या पावलाने. पर्सनॅलिटी 'कॅज्युअल'. मिनिटं ओतली तरी भांड्याला भोक. शेवटी घरी आणून कॅप्टनच्या मेंटरिंग ग्रुपमध्ये घातला, दीड वर्षाने 'फेअरली प्रोफेशनल' झाला, आणि मग तेविसाव्या वर्षी सुसाट सुटला. गोलकीपर तसेही उशिरा पिकतात म्हणा.

सेव_आणि_सेव्ह

ताई, 'बॅलन्स्ड' दाखवतंय. डिटरमिनेशन ९.

बडोद्याची_मीनल

म्हणजे वाईट नाही, पण चांगलंही नाही. 'बॅलन्स्ड' मागे काहीही दडलेलं असू शकतं. मला वाटतं तू सर्वात मोठा तोटा इथे केलास. लोनवर गेलेल्या पोराला तुझे सीनियर शिकवू शकत नाहीत. मेंटरिंग तुझ्या पहिल्या संघाच्या ग्रुपमध्ये असतानाच होतं. १६ ते १८ हीच वर्षं होती त्याला प्रोफेशनल माणसांच्या संगतीत बसवायची. ग्रुपला किमान तिघं लागतात, त्यातला एक जण वयाने आणि मानाने मोठा हवा. मी असते तर आता निदान जानेवारीपर्यंत घरी ठेवला असता, ग्रुपमध्ये घातला असता, आणि मग अर्ध्या सीझनचं लोन.

जुना_मिडफिल्ड

मीनलताई, सोळा-सतरासाठी शंभर टक्के मान्य. पण आता तो १९ वर्षं ८ महिन्यांचा आहे. अर्धा सीझन प्रीमियर लीगच्या बेंचवर बसवायचा म्हणजे पुन्हा ३४० मिनिटं. मेंटरिंगला वेळ लागतो हे तुम्हीच दीड वर्ष म्हणालात. सहा महिन्यांत किती हलणार?

बडोद्याची_मीनल

थोडं हलेल. पण ते थोडं पुढची दहा वर्षं कामाला येईल. मिनिटं काय, पुढेही मिळतात.

जुना_मिडफिल्ड

मिनिटं पुढेही मिळतात हे खरं, पण २३ नंतर त्यांचा भाव उतरतो. इथे आपलं जमायचं नाही. असू द्या.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

होम-ग्रोनचा हिशोब कोणी केला का? युरोपात खेळायचं असेल तर यूएफाच्या २५ जणांच्या यादीत ८ जागा स्थानिक तयार झालेल्यांसाठी, त्यातल्या किमान ४ क्लबमध्येच तयार झालेल्यांसाठी. क्लब-ट्रेन्ड व्हायला १५ ते २१ या वयात तुझ्या क्लबकडे तीन पूर्ण सीझन किंवा ३६ महिने नोंदणी हवी. बंड्या दोन सीझन बाहेर. संपला की हिशोब.

सेव_आणि_सेव्ह

भाऊ, सतराव्या नंबरवर आलोय. युरोप म्हणजे सध्या आम्हाला सराफ्यात सोनं विकत घेण्यासारखं आहे. खायला जातो तेवढंच.

जुना_मिडफिल्ड

तरी मुद्दा चांगला आहे. प्रीमियर लीगचा नियम वेगळा. तिथे इंग्लंड किंवा वेल्सच्या असोसिएशनखालच्या कोणत्याही क्लबकडे तीन सीझन चालतात, त्यामुळे लीग वन आणि लीग टूची वर्षंही धरली जातात. आणि नोव्हेंबर २००९ चा जन्म असेल तर २०३०-३१ पर्यंत तो अंडर-२१ मध्येच मोडतो, यादीत नाव घालावंच लागत नाही. यूएफाच्या क्लब-ट्रेन्डसाठी मात्र लोनची वर्षं घरची धरली जात नाहीत असं मी मानून चालतो.

लष्करवाला

माझ्या सेव्हमध्ये एकदा अर्ध्या सीझनच्या लोनवर गेलेल्या पोराला तरी क्लब-ट्रेन्डचा शिक्का मिळाला होता.

जुना_मिडफिल्ड

इनटेकला १५ वर्षांचा असेल, तर आधीची वर्षं भरली असतील.

लष्करवाला

नाही, १६ चा होता. पक्कं आठवतंय. असो, सेव्ह उडाला, दाखवता येत नाही.

सेव_आणि_सेव्ह

बरं, विकत नाही. पटलं. आता तीन ऑफर आल्या आहेत, मदत करा.

अ: नुकताच प्रीमियर लीगमधून खाली आलेला क्लब. फॅसिलिटीज एकदम झकास. प्लेइंग टाइममध्ये 'स्क्वाड प्लेयर'.
ब: चॅम्पियनशिपचा मधला क्लब. फॅसिलिटीज ठीकठाक. 'रेग्युलर स्टार्टर'.
क: लीग वन. 'इम्पॉर्टंट प्लेयर'. पगार पूर्ण देतात, वर महिन्याची फीही.

मन अ कडे ओढतंय, खोटं कशाला बोलू.

पीए_दोनशे

अ!! नाव मोठं, ग्राउंड मोठं.

जुना_मिडफिल्ड

दोघंही परत पहिल्या इयत्तेत बसा.

'स्क्वाड प्लेयर' म्हणजे त्यांनी आधीच सांगितलंय की बेंचवर बसवणार. क मध्ये मिनिटं मिळतील, पण पासिंग १३ चा मिडफिल्डर लीग वनमध्ये आता आरामात खेळेल, त्याला ताण पडणार नाही. पैशांकडे बघू नकोस, तू प्रीमियर लीगमध्ये आहेस, पन्नास हजार पाउंडांनी तुझं काही होत नाही.

ब वर डोळे मिटून सही करायची नाही. 'रेग्युलर स्टार्टर' हे समोरच्याचं आश्वासन आहे, ते पाळलंच जाईल असं नाही. तीन गोष्टी उघडून बघ. पहिली, त्यांच्या स्क्वाडमध्ये बंड्याच्या जागेवर कोण कोण आहे. चांगले दोघंच असतील आणि त्यातला एक तिशी ओलांडलेला किंवा जखमी असेल, तर जागा खरी आहे. दुसरी, त्यांच्या मॅनेजरची आवडती रचना. त्याच्या प्रोफाइलवर दिसते. मधल्या फळीत बंड्याची जागाच नसेल तर तो परत उजव्या विंगला जाईल. लोनवर असताना तू त्याचं ट्रेनिंग ठरवू शकत नाहीस, सगळं त्यांच्या हातात. तिसरी, रिकॉलची अट. ती काढायला सांगतील, काढू नकोस. त्यासाठी फी कमी घ्यावी लागली तरी घे.

शक्य असेल तर खेळवायची जागाही अटीत घाल.

सेव_आणि_सेव्ह

बघितलं दादा. मॅनेजर ४-२-३-१ वाला. मधल्या दोन जागांसाठी एक ३३ वर्षांचा, एक गुडघ्यामुळे पाच महिने बाहेर, आणि एक १८ वर्षांचं पोर. रिकॉल ठेवला. फी निम्मी केली. सही झाली!

टिळकनगरचे_काका

उसनवारीच्या कागदावर 'मागताक्षणी परत' लिहून घेतलं हे उत्तम.

बडोद्याची_मीनल

काका या धाग्यातले सर्वात शहाणे आहेत.

बंड्या गेला ते ठीक. पण पुढच्या इनटेकचं बघ. तुझा हेड ऑफ यूथ डेव्हलपमेंट कोण आहे? त्याच्या पर्सनॅलिटीचा रंग नव्या पोरांवर चढतो. तो स्वतः 'प्रोफेशनल' किंवा 'मॉडेल सिटिझन' असेल तर तशी पोरं येण्याची शक्यता वाढते. इनटेकचा प्रिव्ह्यू मार्चच्या बराच आधी येतो, त्याच्याही आधी माणूस बदल. मार्चमध्ये बदलून उपयोग नाही.

सेव_आणि_सेव्ह

ताई, बघितलं. आमचे साहेब 'लाइट-हार्टेड' आहेत. ज्युनियर कोचिंग आणि यूथ रिक्रूटमेंट वाढवायला बोर्डाकडे तीनदा गेलो, दोनदा नकार. या माणसाला मात्र आजच नारळ देतो.

सेव_आणि_सेव्ह (आठ दिवसांनी)

अपडेट. मध्ये दोन दिवस भावाचं लग्न होतं, त्यामुळे लॅपटॉपला हात लावता आला नाही, नाहीतर सीझन संपला असता.

नोव्हेंबरअखेर बंड्याने १८ पैकी १६ मॅच सुरुवातीपासून खेळल्या. सरासरी ७.०२. पासिंग १४, डिसिजन्स ११. डेव्हलपमेंट सेंटरमध्ये हिरवे बाण बघून डोळे निवले. दादा, तुमच्या घरी गरमागरम कचोऱ्या पाठवतो.

पीए_दोनशे

मानलं भिया.

मी एक १४२ वाला सोडून दिला होता, आता शोधतोय तर लीग वनमध्ये टॉप स्कोअरर आहे. असो.

जुना_मिडफिल्ड

कचोऱ्या लगेच नकोत. तुझ्या ब क्लबचा टेबलमधला नंबर काय?

सेव_आणि_सेव्ह

विसावा. का?

जुना_मिडफिल्ड

मग मॅनेजरच्या खुर्चीवर नजर ठेव. लोनची सर्वात मोठी भानगड हीच, आणि आपल्या हातात अजिबात नसते.

सेव_आणि_सेव्ह (दुसऱ्या दिवशी)

दादा, तुमच्या तोंडाला काळी बाहुली बांधा. १४ डिसेंबरला मॅनेजरला काढला. नवा आला तो ३-४-३ वाला, तीन डिफेंडर मागे. नव्या मॅनेजरच्या पाच मॅच झाल्या, बंड्या दोनदा सुरुवातीपासून, दोनदा बदली, एकदा बेंचवरून उठलाच नाही. खेळात आज ६ जानेवारी.

रिकॉल करू? की थांबू?

पीए_दोनशे

रिकॉल कर आणि लगेच आपल्या संघात खेळव, एफए कपमध्ये घाल, राग काढ.

जुना_मिडफिल्ड

नको! हीच चूक करू नकोस. एका सीझनमध्ये खेळाडूची नोंदणी तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत मॅच दोनच क्लबांसाठी खेळता येतात. ब कडून तो खेळलाय. तू त्याला परत आणून एफए कपमध्ये दहा मिनिटं जरी उतरवलास, तरी दुसरा क्लब तूच झालास, मग जानेवारीत त्याला आणखी कुठे देऊन उपयोग नाही. रिकॉल केलास तर घरी अजिबात खेळवायचा नाही, सरळ तिसरीकडे.

बडोद्याची_मीनल

किंवा घरीच ठेव आणि मेंटरिंगला बसव. मी जुलैपासून तेच म्हणतेय 🙂

जुना_मिडफिल्ड

ताई, तुम्ही हट्टी आहात.

माझं मत: ३-४-३ मध्येही मधे दोन जण असतात. पाचपैकी दोन सुरुवाती म्हणजे दार पूर्ण बंद झालेलं नाही. नव्या मॅनेजरला पारखायला वेळ लागतो. विंडो बंद व्हायला पंचवीस दिवस आहेत, त्यात त्यांच्या चार-पाच मॅच होतील. तोवर दुसरा क्लब शोधून ठेव, ऑफर पाठवू नकोस. आणि त्यांनी जानेवारीत मिडफिल्डर विकत घेतला तर त्याच दिवशी रिकॉल. तो खरा इशारा, बेंच नव्हे.

लष्करवाला

३-४-३ मधल्या चार जणांत तो बाजूला नाही ना पडला? कुठे खेळवतात ते बघ, मॅचची संख्या नुसती बघू नको.

सेव_आणि_सेव्ह

बघतो थांबा... दोनपैकी एकदा मधे, एकदा उजव्या बाजूला विंग-बॅक. 🤦

जुना_मिडफिल्ड

विंग-बॅक? हं. मग माझी खात्री अर्ध्यावर आली.

सेव_आणि_सेव्ह

आई हाक मारतेय, सकाळी ऑफिस आहे. खेळात १० तारखेला त्यांची मॅच आहे, उद्या रात्री खेळून स्कोअर आणि बंड्या कुठे होता ते इथे टाकतो. लीग वनमधला क क्लब अजून वाट बघतोय, त्यांना 'विचार करतो' असं सांगून ठेवलंय. नवीन हेड ऑफ यूथसाठी तिघांचे अर्ज आलेत, मीनलताई, तिघांच्या पर्सनॅलिटी उद्या टाकतो, तुम्हीच निवडा.

टिळकनगरचे_काका

विंग-बॅक म्हणजे काय ते भाच्याला विचारतो. पण उसना दिलेला तवा कोणी कढई म्हणून वापरत असेल तर मी परत मागितला असता.